अंथरुणात पाय वळवळतात? फेरिटिन तपासून घ्या

आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं, पाय हलवले की थांबतं, पुन्हा निजलं की सुरू. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. पायात गोळा येणं वेगळं. त्यात स्नायू दगडासारखा कडक होतो आणि दुखतो. इथे दुखण्यापेक्षा अस्वस्थताच जास्त, आणि ती संध्याकाळनंतर वाढते.

यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. अशा वेळी बहुतेक जण हिमोग्लोबिन बघतात आणि ते १२-१३ आलं की निश्चिंत होतात. पण शरीरातला लोहाचा साठा त्याआधीच आटलेला असू शकतो, आणि तो दिसतो फेरिटिनच्या तपासणीत. लॅबच्या कागदावर २० हा आकडा ‘नॉर्मल’ छापून येईल. या त्रासात मात्र ७५ पर्यंत असला तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या आणि गरोदर बायकांनी तर हे विचारावंच. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आणि घेत असाल तर त्यावर लगेच चहा नको.

सर्दीची गोळी घेतल्यापासून त्रास वाढलाय का, तेही आठवा. सेटिरिझिनच्या झोप आणणाऱ्या जुन्या भावंडांनी, म्हणजे क्लोरफेनिरामिनसारख्या औषधांनी, पाय जास्तच वळवळतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्याही त्यातल्याच. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या बंद करू नका.