शाळेच्या ऑफिसात नंबर बदलायचा अर्ज – माझा अनुभव

मार्चमध्ये सोलापूरचं ऊन तापलं आणि शाळा सकाळची झाली, पण मेसेज गेला माझ्या बंद पडलेल्या नंबरवर, पोरगी अकराला दप्तर घेऊन गेटवर! मी तर बाईंना नवा नंबर कधीच दिलेला की ओ. नंतर कळलं, बाईंनी फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात बदलला होता, मेसेज जातात ते ऑफिसच्या कॉम्प्युटरातल्या नंबरवर.

मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला. मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि जनरल रजिस्टर नंबर टाकला (प्रगतीपुस्तकावर सापडला), कारण एका नावाच्या दोन पोरी निघतातच. मेन वाक्य हे:

"माझा जुना मोबाईल क्रमांक … बंद झाला असून तो रद्द करून नवीन क्रमांक … शाळेच्या सर्व नोंदींत, मेसेज यादीत व शासनाच्या यू-डायस पोर्टलवर नोंदवावा."

जुना रद्द करा हे लिहायचंच, नाहीतर दोन्ही राहतात, आणि बंद नंबर पुढे दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. झेरॉक्सवर आवक शिक्का घेतला, क्लार्क जरा वैतागले, पण समोरच टेस्ट मेसेज टाकून दाखवला. स्कूलबसवाल्या काकांना मात्र वेगळं सांगावं लागलं, त्यांची यादी त्यांच्या वहीत असते.