इंदूरच्या मराठी मेळाव्यासाठी प्रायोजक कसा मिळवावा

दिवाळीच्या आधी भरणारा दोन दिवसांचा मराठी उद्योजक मेळावा डोळ्यांसमोर ठेवू. साठेक स्टॉल, संध्याकाळी एखादा कार्यक्रम, आणि मुख्य प्रायोजकाकडून हवे आहेत ७५ हजार रुपये. अशा वेळी बहुतेक मंडळे एकच पत्र छापतात, ‘समाजकार्यास हातभार लावावा’ असे लिहितात आणि ओळखीच्या वीस दुकानांत वाटतात. त्यातून पाच-पाच हजारांच्या जाहिराती मिळतात. ७५ हजार मिळत नाहीत, कारण ती रक्कम देणारा माणूस देणगी देत नसतो, जाहिरातीवर खर्च करत असतो. त्या खर्चाचा हिशेब त्याच्यासमोर आपणच मांडायचा.

आधी आपली गर्दी मोजा

‘दहा हजार लोक येतात’ हे वाक्य कंपन्यांनी इतक्यांदा ऐकलेले असते की त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आकडा दारावर मोजलेला हवा. दोन स्वयंसेवक दर अर्ध्या तासाला आत येणारी डोकी टिपून ठेवतील, तर दोन दिवसांत खरा आकडा हाती येतो. समजा मागच्या वर्षी ३,८०० डोकी मोजली गेली. त्यांत दोन्ही दिवस आलेले लोक आहेत, आजीबरोबर आलेली नातवंडेही आहेत. खरेदीचा निर्णय घेणारी कुटुंबे त्यांत साधारण १,१०० निघतील. कंपनीला हाच आकडा सांगा. तो लहान असला तरी तिच्या कामाचा आहे.

कुटुंबे राहतात कुठे, हेही टिपा. सोडतीच्या कुपनावर वस्तीचे नाव लिहून घेतले की काम झाले. रामबागेतल्या जुन्या घरांतली मंडळी किती आणि निपानिया, बायपासकडच्या नव्या फ्लॅटमधली किती, यावरून कोणती कंपनी आपल्याला विचारेल हे बरेचसे ठरते.

कंपनी निवडताना एका विक्रीचा नफा पाहा

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. मराठी मेळावा, दिवाळी, म्हणून पहिला विचार येतो सांवेर रोडवरच्या एखाद्या भाजणी-मसाले करणाऱ्या कारखान्याचा. पण गणित करून पाहा. चकलीच्या भाजणीच्या पाकिटावर कारखान्याला ३० रुपये सुटत असतील, तर ७५ हजार वसूल व्हायला २,५०० पाकिटे जादा विकली गेली पाहिजेत. आपल्याकडे कुटुंबे आहेत १,१००, आणि त्यांतल्या निम्म्या घरांत भाजणी घरीच होते. मालक हे तोंडी हिशेबात ओळखतो आणि ‘बघू, कळवतो’ म्हणतो. त्याच्याकडे १५ हजारांचा चव घेण्याचा कोपरा मागा, तो सहज देईल.

आता किचन ट्रॉली आणि मॉड्युलर किचन करणारी स्थानिक कंपनी घ्या. समजा एका स्वयंपाकघराच्या कामात तिला २० हजार सुटतात. प्रायोजकत्वाचे ७५ हजार, शिवाय नमुना उभा करणे, वाहतूक आणि दोन माणसांचे मिळून २५ हजार, असा तिचा एकूण खर्च १ लाख. म्हणजे पाच ऑर्डरी मिळाल्या की खर्च निघाला. मोजमापाला गेलेल्या किती घरांतून एक ऑर्डर येते, हे कंपनीला अनुभवाने ठाऊक असते. ते तिलाच विचारा. सहा घरांमागे एक म्हणाली, तर तिला किमान ३० घरांची मोजमापे हवीत. काही घरे गळणार हे धरून १,१०० कुटुंबांतून ४० घरांची नावे मिळणे शक्य वाटते का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपण प्रामाणिकपणे द्यायचे. तुमच्याकडे बहुतांश भाड्याने राहणारे विद्यार्थी येत असतील, तर या कंपनीकडे जाऊच नका.

कागद एक पानाचा, भेट मार्केटिंगवाल्याची

मोठ्या कंपनीत मंडळी सीएसआरचे दार ठोठावतात. ते चुकीचे दार आहे. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे कंपनी कायद्याच्या नियमांतच लिहिले आहे. मध्यम कंपनीत थेट मालकाला भेटा, मोठीत मार्केटिंग किंवा विक्रीप्रमुखाला. दिवाळीचा खर्च ठरण्याआधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच जा. नवरात्रात गेलात तर पैसे आधीच वाटून झालेले असतात.

पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत द्या. इंदुरात निर्णय घेणारा माणूस मराठी असेलच असे नाही, आणि तो ते पान हिशेबनीसाला दाखवणार आहे. पहिल्या चार ओळींत तारीख, जागा, मोजलेली कुटुंबे आणि मागणी यावी. संस्थेचा इतिहास पानाच्या तळाशी दोन ओळींत पुरे. मग कंपनीला काय मिळेल ते मोजता येईल अशा शब्दांत लिहा: ‘योग्य प्रसिद्धी’ न लिहिता, दाराजवळ १० बाय १० फुटांची जागा, दोन्ही दिवस मिळून आठ घोषणा, आणि मोफत मोजमापासाठी नाव देणाऱ्या घरांची यादी.

यादी देताना जपून. सोडतीच्या कुपनावरचे सगळे फोन नंबर उचलून कंपनीला देऊ नका. लोक चिडतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीवरच भर आहे. मोजमापाचे कार्ड वेगळे ठेवा. त्यावर घर स्वतःचे की भाड्याचे, काम कधी करायचे, आणि ‘माझा नंबर या कंपनीला द्यावा’ यापुढे खूण करायला चौकोन. अशी ३५ नावे कुपनांच्या ढिगापेक्षा मोलाची.

भेटीत ‘दुसरी किचनवाली कंपनी तर नाही ना?’ हा प्रश्न येतोच. आधीच बुक झालेल्या स्टॉलांत स्टील ट्रॉलीवाला असेल तर लपवू नका. मंच, प्रवेशद्वार आणि घोषणा यांत प्रतिस्पर्धी नसेल, स्टॉल मात्र राहील, असे लेखी ठरवा. मेळाव्याच्या तोंडावर हे उघडकीस आले, तर उरलेला हप्ता अडकतो.

पैसे आणि पावती

हा जाहिरातीचा व्यवहार आहे, म्हणून ८०जीची देणगी पावती देऊ नका. प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी आहे. ७५ हजारांवर तो १३,५०० होतो. घेणारी संस्था स्वतः कंपनी नसेल आणि देणारी कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल, तर तो सहसा देणाऱ्यानेच रिव्हर्स चार्जने, म्हणजे थेट सरकारकडे, भरायचा असतो. आपल्या सीएकडून खात्री करून ते पत्रातच लिहा, म्हणजे कंपनीला आपला खरा खर्च आधी कळतो. शिवाय ती सहसा २ टक्के टीडीएस कापते, म्हणून खात्यात ७३,५०० येतील. संस्थेचे पॅन दिले नसेल तर कपात बरीच मोठी होते. निम्मे पैसे करारावर, निम्मे मेळाव्याच्या आठवडाभर आधी मागा. नंतर मागितलेले पैसे येतातच असे नाही.

बॅनर कापडी करा. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि स्वच्छतेबाबत काटेकोर असलेल्या या शहरात प्रायोजकाच्या नावाचाच बॅनर उतरवला गेला तर फार नाचक्की होते.

मेळावा संपल्यावर दहा दिवसांत दोन पानांचा अहवाल द्या: दाराची मोजणी, घोषणांच्या वेळा, चार फोटो, कार्डांची संख्या. तीन महिन्यांनी एक फोन करून विचारा की त्या ३५ घरांतून किती ऑर्डरी आल्या. दोनच आल्या असतील, तरी आकडा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ४० हजार मागायचे की दुसरी कंपनी शोधायची, ते त्यावरून ठरवता येईल.