सोनं विकताना घट दोनदा देऊ नका: या चुका टाळा

सोनं मोडायला निघालेला माणूस आधी भाव विचारतो, आणि पहिली चूक तिथेच होते. भाव सगळेच तोंडभरून सांगतात. कापाकापी होते ती वजनात, टंचात म्हणजे शुद्धतेच्या टक्क्यात, आणि घटीत म्हणजे वितळताना कमी होणाऱ्या वजनात.

एक हिशेब बघा. २० ग्रॅमची २२ कॅरेटची साखळी, म्हणजे आत शुद्ध सोनं साधारण १८.३२ ग्रॅम. पहिला दुकानदार म्हणतो, "बाजाराचा पूर्ण भाव देतो." मग मशीनवर ८८ टक्के टंच दाखवतो, ३ टक्के वितळण घट धरतो आणि वर २ टक्के सेवाशुल्क लावतो. हातात पडतात १६.७३ ग्रॅम शुद्ध सोन्याचे पैसे. दुसरा बाजारापेक्षा ४ टक्के कमी भाव सांगतो, पण साखळी तुमच्यासमोर आटवतो. वितळून झालेली लगड भरते १९.८० ग्रॅम, टंच निघतो ९१, बाकी काही कापत नाही. भावातले ४ टक्के वजा जाता हे झाले १७.३० ग्रॅम. कमी भाववालाच परवडला! म्हणून प्रत्येकाला एकच विचारा, हातात नक्की किती रक्कम पडणार? तिला त्या दिवशीच्या २४ कॅरेटच्या एका ग्रॅमच्या भावाने भागा आणि येणारे ग्रॅम ताडून बघा.

ते ८८ कुठून आलं? झटपट टंच काढणारं एक्स-रे मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. कडीजवळच्या डाखावर, म्हणजे झाळलेल्या जोडावर, नेम धरला तर आकडा घसरतो. साध्या, सपाट भागावर तीन-चार ठिकाणी वाचन घ्यायला लावा. उलट, जाड मुलामा असेल तर हेच मशीन आकडा फुगवून दाखवतं, त्यामुळे वाचन चांगलं आलं म्हणूनही लगेच हुरळू नका. फोनवरचं 'झटपट मूल्यांकन' तर मशीनही न लावता केलेलं असतं. त्यातला '...पर्यंत' हा शब्द तेवढा वाचा.

आता घट. आटवताना मळ, लाख वगैरे जळून जातं, वजन थोडं उतरतं, हे खरंच आहे. पण लगड पुन्हा वजन केली की ती तूट हिशेबात आलीच. टंचही त्याच लगडीचा. त्यावर आणखी '२ टक्के वितळण घट' लावली तर तीच तूट दुसऱ्यांदा कापली जाते. हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलंय, आणि पावतीवर ते अगदी निरागस दिसतं. खडे असतील तर आटवण्याआधी काढून परत घ्या, मुशीत सोन्याचे कण चिकटून राहिले नाहीत ना ते बघा आणि काटा शून्यावर आहे याची खात्री करा.

सही करण्याआधी कागदावर एक ओळ शोधा: आटवल्यानंतर व्यवहार नाकारता येतो का? आलाच तर लगड परत मिळते का, आणि आटणावळ किती लागते? ही ओळ नसेल तर दागिना मुशीत टाकू देऊ नका, कारण एकदा तो वितळला की दुसऱ्या दुकानात दाखवायला तुमच्याकडे साखळी उरत नाही.