घराचा अंदाज काढण्याआधी जागेचं माप: गुंठे, चौरस फूट आणि चौरस मीटर

मामांच्या मुलाला खानापूर तालुक्यात वाटणीत घरापुरती जागा आली. त्याने फोनवर सांगितलं, "कागदावर ०-१-८ आहे, म्हणजे एक पूर्णांक आठ शतांश गुंठे. सिमेंट किती लागेल सांग." पोत्यांचा हिशेब बाजूला ठेवून मी त्याला आधी कागद पाठवायला लावला, कारण चूक तिथेच होती. आपल्या बेळगाव भागात ही चूक घरोघरी होते, म्हणून त्याच्याच जागेवरून सगळं क्रमाने सांगतो.

आधी कागद कोणत्या मापात आहे ते पाहा

कर्नाटकातल्या आरटीसी उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं लिहितात. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि १६ आण्यांचा एक गुंठा. त्यामुळे ०-१-८ म्हणजे एक गुंठा आठ आणे, म्हणजेच दीड गुंठा. मधली रेघ म्हणजे दशांशचिन्ह नव्हे. १.०८ धरलं तर जागा ११७६ चौरस फूट निघते, खरी आहे १६३३.५. कागद वाचतानाच साडेचारशे फूट गेले.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन. ३३ फुटी साखळीने जमीन मोजत, त्या साखळीचा हा चौकोन. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. आण्याला त्याचा सोळावा भाग, ६८ चौरस फुटांपेक्षा किंचित जास्त.

चंदगडकडच्या पाहुण्यांचा सातबारा मात्र वेगळा. महाराष्ट्रात क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असं असतं. तिथे ०.०१.५० म्हणजे एक आर पन्नास चौरस मीटर, एकूण १५० चौरस मीटर. बोलताना लोक आरलाही गुंठाच म्हणतात, पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. दीड गुंठ्यात पावणेदोन चौरस मीटरचा फरक पडतो. घराला तो चालेल, पण सलग पाच एकरांवर प्लॉट पाडताना चालणार नाही.

तिसरा कागद ग्रामपंचायतीचा, ई-स्वत्तूचा उतारा. त्यात माप मीटरमध्ये असतं. "तीस-चाळीसचा प्लॉट" म्हणून दाखवलेल्या जागेच्या कागदावर ९ बाय १२ मीटर असेल तर थांबा. ९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट आणि १२ मीटर म्हणजे ३९ फुटांवर साडेचार इंच. ही जागा ११६२ चौरस फुटांची, १२०० ची नव्हे.

बदलायला तीन आकडे पुरतात

गुंठ्यांचे चौरस फूट करायला १०८९ ने गुणा. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणा. गुंठ्यांचे चौरस मीटर करायला १०१.१७ ने गुणा. उलट जायचं तर त्याच आकड्याने भागा. आणे असतील तर आधी १६ ने भागून गुंठ्यात मिळवा: ८ भागिले १६ म्हणजे ०.५, आणि १.५ गुणिले १०८९ म्हणजे १६३३.५.

सर्वात जास्त घोटाळा ३.२८ ने होतो. एका मीटरचे ३.२८ फूट होतात हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून चौरस मीटरलाही लोक एकदाच ३.२८ ने गुणतात. तो आकडा लांबीचा आहे. क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, म्हणून ३.२८ गुणिले ३.२८, साधारण १०.७६. पडताळा सोपा आहे: उत्तर मूळ आकड्याच्या दहापटीहून थोडं जास्त आलं पाहिजे. तिप्पटच आलं तर चुकलं.

मग टेप घेऊन जागेवर जा

कागदावरचा दीड गुंठा जमिनीवर असतोच असं नाही. आम्ही दोघांनी टेप धरला. पुढची बाजू ३३ फूट, मागची २९, डावी ५० आणि उजवी ४९. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला तर ३१ गुणिले ४९.५, म्हणजे १५३४.५ चौरस फूट. गवंडी असंच करतात. पण कोपरे काटकोनात नसतील तर ही रीत नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच दाखवते, आणि जागा जितकी तिरकी तितकं जास्त.

म्हणून कर्ण मोजा. पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, ६० फुटांना एक इंच कमी भरली. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून दोरीपर्यंत काटकोनात अंतर मोजलं: २७ फूट ६ इंच आणि २३ फूट ६ इंच. आता इंच बारांत मोजायचे. ६ इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून २७.६ न लिहिता २७.५ लिहायचं. तसंच ५९ फूट ११ इंच म्हणजे ५९.९२. दोन अंतरांची बेरीज ५१, तिला ५९.९२ ने गुणून निम्मं केलं की १५२८ चौरस फूट. १०.७६४ ने भागलं की १४२ चौरस मीटर. १०८९ ने भागलं की १.४०, म्हणजे एक गुंठा साडेसहा आणे.

कागदापेक्षा सुमारे १०५ चौरस फूट कमी.

अंदाज जागेवर काढू नका, बांधकामावर काढा

चारी बाजूंना मोकळी जागा सोडून घर बसलं २४ बाय ३८ फुटांचं, ९१२ चौरस फूट, म्हणजे ८४.७ चौरस मीटर. सामानाचा हिशेब या आकड्यावर करायचा. साध्या आरसीसी घराला चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट हा नेहमीचा ठोकताळा धरला तर ३६५ पोती. प्लॉटच्या १६३३ फुटांवर तोच लावला असता तर ६५३ आली असती. ३६५ पोती हा प्राथमिक अंदाज आहे, नक्की आकडा इंजिनिअरच्या नकाशावरूनच घ्यायचा. नकाशात मीटर आणि दुकानदाराच्या कोटेशनवर फूट असतील तर दोन्ही फुटांत आणल्याशिवाय भाव ताडून पाहू नका.

कंपाउंडला मात्र क्षेत्रफळ उपयोगाचं नाही. त्याला चारी बाजूंची बेरीज लागते, इथे १६१ रनिंग फूट.

राहिले ते १०५ फूट. वाटणीच्या नकाशात मागची बाजूही ३३ फूटच होती. पाया खणण्याआधी मोजणीचा अर्ज दिला. मागचा उजवा हद्दीचा दगड शेजारच्या कुंपणाच्या आत चार फुटांवर, झुडपात सापडला. मागे चार फूट आणि पुढे येत निमुळता होत गेलेला तो त्रिकोण जवळपास तेवढाच भरला.