स्लॅबच्या मालाचा अंदाज: बीमचा ड्रॉप आधी लिहा

स्लॅब भरायच्या आधी काँक्रीट आणि लोखंडाचा अंदाज काढायला बसलात की कागदावर पहिली ओळ बीमच्या ड्रॉपची लिहा. ड्रॉप म्हणजे बीमचा स्लॅबच्या खाली उतरलेला भाग. मागच्या वेळी माझ्या हिशेबातून तोच सुटला आणि शेवटच्या गाळ्यात काँक्रीट संपलं. स्लॅबची लांबी, रुंदी, जाडी कुणी विसरत नाही. विसरला जातो तो ड्रॉप.

सांगली-मिरजेकडे साधारण बांधतात तसं ३० बाय २४ फुटांचं घर घेऊ. स्लॅब ५ इंची. मापं बाहेरून बाहेर धरायची, भिंतीच्या आतून नाही. ७२० चौरस फूट गुणिले ५ इंच, भागिले १२ म्हणजे ३०० घनफूट, म्हणजे बरोबर ३ ब्रास. एवढ्यावर थांबून बरेचजण प्लँटला फोन लावतात. थांबा, ड्रॉप राहिला.

लांबीच्या दिशेने ३ बीम आहेत आणि रुंदीच्या दिशेने ४. सगळे ९ इंच रुंद आणि १५ इंच खोल. बीमांची एकूण लांबी १८६ फूट होते. जिथे बीम एकमेकांना छेदतात ती जागा दोनदा धरली जाते, ती वजा केली की १७७ फूट उरतात. आता नीट बघा. बीम १५ इंची असला तरी वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आलेले आहेत आणि ते ३०० घनफुटांत मोजून झालेत. उरला १० इंचांचा ड्रॉप. ९ इंच गुणिले १० इंच म्हणजे ०.६२५ चौरस फूट, त्याला १७७ ने गुणलं की सुमारे १११ घनफूट. एकूण ४११ घनफूट, म्हणजे ११.६ घनमीटर. ड्रॉप विसरलात तर तीन घनमीटरपेक्षा जास्त माल कमी पडतो, चौथ्या हिश्श्याहून अधिक. ५ टक्के वाया जाण्यासाठी जादा धरलेला माल हे भोक बुजवत नाही. उलट चूकही होते: पूर्ण १५ इंच धरले तर दीड घनमीटर फुकट जातो. सगळे बीम सारखेच खोल नसतील, तर नकाशावरून प्रत्येकाचा ड्रॉप वेगळा काढा.

पडताळणी सोपी आहे. एकूण काँक्रीटला क्षेत्रफळाने भागा. इथे सरासरी जाडी पावणेसात इंचांच्या आसपास येते. तुमचा आकडा जेमतेम स्लॅबच्या जाडीएवढाच निघाला, तर ड्रॉप धरलेला नाही. पुन्हा मोजा.

छज्जे, बाल्कनी आणि जिन्याची तिरपी पाटी वेगळी मोजून मिळवा. संडास-बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब असेल तर त्याच्या उभ्या बाजूही.

सेंटरिंगची पातळी दोरीने तपासा, कारण स्लॅब फक्त अर्धा इंच जाड झाला तरी ७२० फुटांवर ३० घनफूट जास्त लागतात. जागोजागी जाडी दाखवणारी सळी किंवा ठोकळा ठेवा आणि काँक्रीट पसरणाऱ्यांना सांगून ठेवा.

लोखंडाला हिशेबाची रीत बदलते, आणि इथे ड्रॉपचं उलट होतं. काँक्रीटसाठी फक्त ड्रॉप धरला, पण बीमच्या लोखंडासाठी पूर्ण १५ इंच खोली धरायची, कारण वरच्या सळ्या आणि रिंगा स्लॅबच्या जाडीतूनच जातात. ९ गुणिले १५ इंचांचा बीम १७७ फूट म्हणजे १६६ घनफूट, ४.७ घनमीटर. घनमीटरला १२० किलो धरले तर साडेपाचशे-पावणेसहाशे किलो. गाळे मोठे असतील किंवा बीमवर भिंत उभी राहणार असेल, तर १५० धरा.

स्लॅबला घनमीटरमागे ६० ते ८० किलो धरतात. साडेआठ घनमीटरला ५१० ते ६८० किलो झाले. हा आकडा खरा वाटत नसेल तर सळ्या मोजून बघा. एका फुटाचं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले ५३३. ८ मिमीला ०.१२ किलो येतं. दोन्ही दिशांना ६ इंचांवर ८ मिमी टाकली, तर ३० फुटी ४९ आणि २४ फुटी ६१ सळ्या लागतात. एकूण २९३४ फूट, म्हणजे सुमारे ३५२ किलो. ही नुसती जाळी झाली. बीमवरून जाणाऱ्या वरच्या जादा सळ्या, वाक, जोड आणि चेअर धरले की पाचशेच्या जवळ जातं. मेन सळी १० मिमी असेल तर ६८० चा आकडा धरा. म्हणून नियमाचे दोन आकडे ठेवायचे, एक नाही. खरेदीची शेवटची यादी इंजिनिअरच्या नकाशावरूनच काढायची, नियम फक्त पैशाच्या जुळणीसाठी.

दोन्ही मिळून सव्वा टनाच्या आत, चौरस फुटाला दीड ते पावणेदोन किलो. कुणी साडेतीन-चार किलो सांगितलं तर घाबरू नका, तो आकडा पाया आणि कॉलमसकट अख्ख्या घराचा असतो. तो नुसत्या स्लॅबला लावून लोखंड उचलू नका. सळी १२ मीटर, म्हणजे साधारण ४० फुटांची येते. ३० फुटांचा तुकडा कापला की १० फूट उरतो, तो कुठे वापरायचा हे कापायच्या आधी फिटरशी बोला. जोड साधारण व्यासाच्या ५० पट धरा, १६ मिमीला अडीच फुटांहून थोडा जास्त. बांधायची तार टनाला ८ ते १० किलो.

साइटवरच मिक्सर लावणार असाल, तर एम २० ला घनमीटरमागे ८ पोती सिमेंट धरा. १२ घनमीटरला ९६, मागवताना १००. क्रश सँड २ ब्रास, खडी ४ ब्रास. ४ ब्रास काँक्रीट म्हणजे सगळा मिळून ४ ब्रास माल, असं समजू नका. वाळू खडीच्या पोकळीत बसते.

तयार काँक्रीट मागवत असाल, तर ६ घनमीटरच्या दोन गाड्या. पहिली रिकामी झाली की कुठपर्यंत आलो ते टेपने मोजा, उरलेल्या भागाचा ड्रॉप धरून हिशेब करा आणि मग दुसरीचा आकडा कळवा. बीम आधी भरून झालेले असतील तर उरलेल्यात ड्रॉप नाही, हेही लक्षात ठेवा. तरीही कमी पडलंच, तर वाटेल तिथे सोडू नका. गाळ्याच्या मधल्या भागात उभी फळी लावून थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. बीमच्या कडेला तर अजिबात सोडू नका, तिथे कातर बल सगळ्यात जास्त असतं.

कव्हर ब्लॉक, व्हायब्रेटर, डिझेल, पाणी मारायची सोय आदल्या दिवशी बघा. कागद खिशात ठेवा, त्यावर ड्रॉपची ओळ आहे का ते फोन लावायच्या आधी एकदा वाचा.