फिरत्या चाकांखालचा सर्वात मोठा बेंडिंग मोमेंट: या चुका टाळा

मांजरा काठी ऊसतोड सुरू झाली की ओढ्यावरच्या लहान पुलांवरून रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. लातूरला डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना मी तोच ट्रॅक्टर फळ्यावर उभा करतो. एक्सल तीनच, पण नेहमीच्या सगळ्या चुका त्यात सापडतात.

शिकवण्यासाठी आकडे सोपे घेऊ. ट्रॅक्टरचं तोंड डावीकडे. पुढच्या एक्सलवर २० किलोन्यूटन, त्याच्या २ मीटर मागे मोठ्या चाकांचा एक्सल, ६० किलोन्यूटन. आणखी ३ मीटर मागे ट्रॉलीचा एक्सल, ८० किलोन्यूटन. बीम सिम्पली सपोर्टेड, स्पॅन १० मीटर. एकूण भार १६० आणि रिझल्टंट पुढच्या एक्सलपासून ३.२५ मीटरवर येतो. म्हणजे मोठ्या चाकांपासून १.२५ मीटर, ट्रॉलीपासून १.७५ मीटर.

पहिली चूक म्हणजे स्पॅनच्या मध्यावर थांबणं. या गाडीत ही चूक फार सहज होते. मोठी चाकं मध्यावर आल्यापासून ट्रॉलीचा एक्सल मध्यावर येईपर्यंत मध्याच्या दोन्ही बाजूंना ८०-८० किलोन्यूटन राहतात, त्यामुळे तिथला मोमेंट सारखा २६० किलोन्यूटन-मीटर दिसतो. आकडा हलत नाही, म्हणून मुलांना वाटतं की हेच उत्तर. पण तो फक्त मध्यावरचा सर्वात मोठा मोमेंट झाला. संपूर्ण बीममधला सर्वात मोठा मोमेंट कुठल्यातरी चाकाखाली येतो, आणि ते चाक त्या वेळी सहसा मध्याच्या थोडं बाजूला असतं.

का, ते पाहू. ट्रॉलीच्या एक्सलखालचा मोमेंट म्हणजे उजवी रिअॅक्शन गुणिले एक्सलचं उजव्या आधारापासूनचं अंतर. उजवी रिअॅक्शन रिझल्टंट डाव्या आधारापासून किती दूर आहे त्यावर ठरते. म्हणजे दोन अंतरांचा गुणाकार झाला, आणि त्यांची बेरीज पक्की आहे: १० वजा १.७५, म्हणजे ८.२५ मीटर. बेरीज ठरलेली असली की दोन्ही अंतरं समान झाल्यावर गुणाकार सर्वात मोठा होतो. ४.१२५ आणि ४.१२५. म्हणजेच चाक आणि रिझल्टंट मध्याच्या विरुद्ध बाजूंना, समान अंतरावर. मोठ्या चाकांसाठीही हाच नियम, फक्त पुढच्या एक्सलचा ठरलेला मोमेंट वजा होतो.

इथेच दुसरी चूक होते. ट्रॉली आणि रिझल्टंटमधल्या १.७५ चं अर्धं अंतर ०.८७५ मीटर बरोबर काढतात, पण गाडी उलट्या बाजूला सरकवतात. ट्रॉलीचा एक्सल डाव्या आधारापासून ५.८७५ ऐवजी ४.१२५ वर ठेवला तर पुढचा एक्सल बीमबाहेर जातो आणि मोमेंट २३३.५ येतो. मध्यावर २६० मिळाले असताना सर्वात मोठा मोमेंट त्याहून कमी निघूच शकत नाही. असं दिसलं की बाजू तपासा. रिझल्टंट नेमका मध्यावर ठेवला तर या गाडीत मोठ्या चाकांच्या आणि ट्रॉलीच्या दोन्ही एक्सलखाली पुन्हा २६० च मिळतात. ती चूक तर सहज लपते.

तिसरी चूक सर्वात फसवी आहे: "रिझल्टंटच्या जवळचं चाक घ्या" एवढंच पाठ करणं. जवळची आहेत मोठी चाकं. ती ४.३७५ मीटरवर ठेवली की डावी रिअॅक्शन ७० येते आणि मोमेंट ७० × ४.३७५ − २० × २ = २६६.२५. उत्तर पटण्यासारखं आहे, पण चूक आहे. लांबचा, पण जड ट्रॉलीचा एक्सल ५.८७५ वर ठेवा: उजवी रिअॅक्शन ६६, मोमेंट ६६ × ४.१२५ = २७२.२५. मध्यावरच्या आकड्यापेक्षा साधारण पावणेपाच टक्के जास्त. म्हणून रिझल्टंटच्या दोन्ही बाजूंची चाकं तपासायचीच.

आता हीच गाडी ६ मीटरच्या पुलावर आणा. जुन्या रिझल्टंटने ट्रॉलीचा एक्सल ३.८७५ वर येतो आणि पुढचा एक्सल आधाराच्या १.१२५ मीटर बाहेर. तरीही मुलं १६० घेऊन १२०.४ उत्तर लिहितात. त्या हिशेबात बाहेरचे २० किलोन्यूटन जणू आधारापलीकडे वाढवलेल्या बीमवर बसून मधला मोमेंट कमी करतात. प्रत्यक्षात तो एक्सल पुढच्या रस्त्यावर गेलेला असतो. उरलेल्या ६० आणि ८० चा नवा रिझल्टंट ट्रॉलीपासून १.२९ मीटरवर येतो, एक्सल ३.६४ वर बसतो आणि मोमेंट १२९.६ मिळतो. पुढचा एक्सल तेव्हाही बाहेरच आहे, म्हणून हिशेब ग्राह्य. तिन्ही एक्सल बीमवर ठेवून मोठ्या चाकांखाली ११०.४ च येतात. गाडी सरकवल्यावर प्रत्येक चाकाचं आधारापासूनचं अंतर लिहून काढा, ऋण आकडा आला की लगेच कळतं.

आणि स्टील ठरवताना लक्षात ठेवा, रिकामी नव्हे तर भरलेली गाडी कधी उलट दिशेनेही येते. तेव्हा हाच २७२.२५ मध्याच्या दुसऱ्या बाजूला ०.८७५ मीटरवर येतो.