अटींची यादी लिहिताना या चुका टाळा

समजा, एका ग्रंथालयाच्या नियमावलीचा मसुदा असा आहे:

अनामत रक्कम परत मिळण्यासाठी सभासदाने –
(अ) घेतलेली सर्व पुस्तके परत केलेली असावीत;
(ब) कोणतीही थकबाकी नसावी;
(क) सभासदत्व सोडण्याचा अर्ज किमान 15 दिवस आधी;
(ड) मूळ पावतीशिवाय रक्कम मिळणार नाही.

नजर फिरवली तर सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच असे मसुदे मंजूर होतात. तपासायची रीत सोपी आहे. वरची ओळ आणि एकच कलम घ्या, बाकीची कलमं हाताने झाका आणि सलग मोठ्याने वाचा. (अ) नीट बसतं. (ब) वाचताना ‘सभासदाने कोणतीही थकबाकी नसावी’ असं होतं आणि जीभ अडखळते. (क) मध्ये क्रियापदच नाही. (ड) ही अट नाहीच, तो अट न पाळल्याचा परिणाम आहे.

यातलं (क) सर्वांत धोक्याचं. क्रियापद नसल्यामुळे ‘15 दिवस आधी’ म्हणजे कशाच्या आधी, हा प्रश्नच लिहिणाऱ्याला पडलेला नाही. सभासदत्व संपण्याच्या, की रक्कम मागण्याच्या? वाक्य पूर्ण करायला बसलं की हे ठरवावंच लागतं.

दुरुस्त यादी अशी होईल:

अनामत रक्कम परत मिळण्यासाठी सभासदाने पुढील सर्व अटी पूर्ण कराव्यात. त्याने –
(अ) घेतलेली सर्व पुस्तके परत केलेली असावीत;
(ब) थकबाकी असल्यास ती पूर्ण भरलेली असावी;
(क) सभासदत्व सोडण्याचा अर्ज, ते सोडण्याच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी दिलेला असावा;
(ड) अनामत रकमेची मूळ पावती सादर केलेली असावी.

(ब) मधलं ‘असल्यास’ मुद्दाम ठेवलं आहे. नुसतं ‘थकबाकी भरलेली असावी’ लिहिलं, तर ज्याची थकबाकी कधी नव्हतीच त्याने काय भरायचं, असा वाद निघू शकतो. साचा जुळवताना अर्थ सरकला नाही ना, हे दर वेळी पाहा.

शेवटचा शब्द सगळ्यांसाठी एकच ठेवणं

‘असावीत, असावी, असावा’ ही पुनरुक्ती टाळायला काही जण ‘असावे’ एकदाच, यादीखाली लिहितात. मराठीत ते चालत नाही. ‘सभासदाने’ म्हटल्यावर क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं: पुस्तके परत केलेली असावीत, पावती सादर केलेली असावी, अर्ज दिलेला असावा. हा फरक राहू द्या. कलमांची रचना एक हवी, शेवटचं अक्षर एक असायची गरज नाही.

सामाईक शेपूट हवंच असेल, तर लिंग-वचनाप्रमाणे न बदलणारं ‘असल्यास’ घ्या. मग कलमं ‘परत केलेली’, ‘दिलेला’, ‘सादर केलेली’ इथे थांबतात आणि यादीखाली ‘असल्यास अनामत रक्कम परत केली जाईल’ येतं. मात्र हे शेपूट नव्या ओळीवर, सुरुवातीच्या शब्दांच्याच समासाला लावून लिहा. ते शेवटच्या कलमाला चिकटलं, तर फक्त (ड) पूर्ण केलं की रक्कम मिळते, असा अर्थ निघतो.

‘ने’ सगळीकडे चालेल असं धरणं

पुढे कुणीतरी यादीत ‘वार्षिक सभेला हजर राहिलेला असावा’ असं कलम घुसवतं. ‘त्याने हजर राहिलेला असावा’ हे चुकीचं, कारण ‘राहणे’ अकर्मक आहे आणि ‘राहिलेला’ या रूपाआधी ‘तो’ लागतो. गंमत म्हणजे ‘त्याने हजर राहावे’ बरोबर आहे. पण त्यात पुढे पाळायची सूचना येते, आधीच पूर्ण झालेली अट येत नाही. इथे कर्म असलेलं क्रियापद शोधा: ‘वार्षिक सभेच्या हजेरीपटावर सही केलेली असावी’. अर्थात हजेरीचा पुरावा म्हणून सही पुरेशी मानायची असेल तरच.

कलमांचे कर्ते खरोखरच वेगळे असतील, म्हणजे एक अट सभासदाबद्दल, दुसरी पावतीबद्दल, तिसरी समितीच्या मंजुरीबद्दल, तर ओढाताण करू नका. ‘त्याने’ काढून टाका, वरचं वाक्य ‘पुढील सर्व अटी पूर्ण झाल्यावरच अनामत रक्कम परत मिळेल’ असं पूर्णविरामाने संपवा आणि प्रत्येक कलम स्वतंत्र, पूर्ण वाक्य करा: ‘सभासदाकडे थकबाकी नसावी.’ ‘समितीने अर्ज मंजूर केलेला असावा.’ यादी थोडी लांबते, पण पुढे कुणी नवं कलम जोडलं तरी ते वरच्या ओळीशी भांडत नाही.